तेवीस नावं, बारा वस्तू, पाच आकडे: एका प्रकरणाची नोंद

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा हातात वहीचं एक पान होतं. त्यावर तेवीस नावं सुवाच्य अक्षरात, वर्गात जो जिथे बसतो त्या क्रमाने लिहिलेली. "सर, हे पान मी पंधरा वेळा वाचलंय. वाचताना सगळे ओळखीचे वाटतात. वर्गात समोर माणूस आला की मात्र तोंड उघडत नाही."

ताईंचं वय 52. मधली पंचवीसेक वर्षं अभ्यासाशी संबंध नव्हता. आता प्रथमोपचाराच्या प्रशिक्षक होण्यासाठी त्यांनी पाच आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, म्हणजे एकूण दहा, आणि त्यांच्यासह चोवीस जण. शेवटच्या वर्गात ताईंनी वीस मिनिटं इतरांना शिकवून दाखवायचं होतं. सहभागींना नावाने हाक मारायची, पेटीतल्या बारा वस्तू कागद न पाहता क्रमाने सांगायच्या आणि तोंडी प्रश्नांना नेमके आकडे द्यायचे. दोन वर्ग होऊन गेले होते, आठ उरले होते. मी प्रौढांना अभ्यासाच्या पद्धती शिकवतो, म्हणून कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. (या नोंदीत सगळ्यांची नावं बदलली आहेत. ज्या प्रकारच्या नावांमुळे गोंधळ झाला तो प्रकार मात्र तसाच ठेवला आहे, नाहीतर गंमत कळणार नाही.)

"वय झालं का हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वयाबरोबर नवी नावं लक्षात राहायला जड जातात हे खरं आहे, पण ती तक्रार विशीतले लोकही करतात. मी दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या. रोजच्या रस्त्यावर चुकता का, नेहमीच्या वस्तूंचे शब्द अडतात का, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारता असं घरचे म्हणतात का. यातलं काही असतं तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं. तसं काही नव्हतं.

मग पान उलटं ठेवलं आणि दुसऱ्या वर्गात काढलेला ग्रुपचा फोटो समोर धरला. तेवीस चेहरे. ताईंना सात नावं आठवली आणि त्यातली चार योग्य चेहऱ्याला लागली. पंधरा वाचनांची कमाई चार नावं! त्यांना वाईट वाटलं. मला मात्र कोणती नावं आठवली नाहीत यात रस होता. पहिल्या दिवशी गोलात बसून ओळख झाली होती आणि ताईंचा नंबर चौदावा होता. अकरा ते तेरा क्रमांकाच्या लोकांबद्दल त्यांना काहीच सांगता येईना. नाव सोडा, ते काय काम करतात, कुठून येतात, काहीच नाही.

याचं कारण विसरणं नव्हे. आपली पाळी जवळ आली की माणूस मनात स्वतःची दोन वाक्यं जुळवत बसतो आणि अगदी आधीचा माणूस काय बोलला ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर यांनी गोलात बसवलेल्या लोकांवर हे तपासलं होतं, आणि आपल्या पाळीच्या लगेच आधी बोललं गेलेलं लोकांना सर्वांत कमी आठवलं. म्हणजे ताईंची ती नावं हरवली नव्हती, आत आलीच नव्हती. आत न आलेल्या गोष्टीसाठी कोणतीही युक्ती चालत नाही, ती पुन्हा विचारावीच लागते. याच्या उलट, वर्गातली फिलोमिना त्यांना पहिल्या दिवसापासून पक्की होती. का? तर नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी दोनदा विचारलं होतं.

दुसरा घोटाळा त्या पानाचा होता. लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं की ते सोपं वाटायला लागतं, आणि ही सहजता म्हणजे आठवण अशी आपली समजूत होते. वाचताना उत्तर समोरच असतं, डोकं ते शोधायला कधी जातच नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सरासरी 56 टक्के मजकूर आठवला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. ताईंचं पान त्या पाच मिनिटांपुरतं उत्तम होतं.

ताईंनी यावर लगेच विचारलं, "मग तुमची ती चित्रांची युक्ती शिकवा ना." सगळ्यांना तीच हवी असते. मीही शिकवली, आणि आज विचाराल तर पहिल्याच आठवड्यात शिकवायला नको होती.

नाव लक्षात राहायला अवघड का, हे आधी सांगायला हवं. एखादे गृहस्थ सुतार आहेत असं कळलं की करवत, भुसा, लाकडाचा वास असं बरंच काही मनात उठतं आणि त्यातलं काहीतरी पुढे दोरी म्हणून कामी येतं. त्याच गृहस्थांचं आडनाव सुतार आहे असं सांगितलं तर काहीच उठत नाही, शब्द तोच असूनही. इंग्रजी शब्द वापरून 1987 मध्ये नेमका हाच प्रयोग झाला होता. चेहऱ्याबरोबर व्यवसाय म्हणून सांगितलेला शब्द लोकांना जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितलेला तोच शब्द कमी. तेव्हा नावाला एखादं चित्र जोडलं तर ते व्यवसायासारखं वागेल, असा या युक्तीमागचा तर्क आहे. तर्क चुकीचा नाही.

ताईंनी तिसऱ्या वर्गात तो लावून पाहिला. पंकज नावाच्या उंच मुलाच्या डोक्यावर त्यांनी मनातल्या मनात मोठं कमळ ठेवलं. प्रदीपच्या चष्म्यात दिवा लावला. चौथ्या वर्गात पंकज समोर आला, कमळही आलं, आणि ताई म्हणाल्या, "राजीव, जरा इकडे या." वर्गात राजीव नावाचा कोणी नव्हताच. प्रदीपला त्यांनी दीपक केलं.

ही आपल्या भाषेतली खास अडचण आहे. कमळ म्हटलं की पंकज, सरोज, नीरज, राजीव, अरविंद, कमल, नलिनी, पद्मा अशी रांगच उभी राहते. अर्थाचं चित्र माणसाला त्या रांगेपर्यंत आणून सोडतं. पुढे रांगेतून एक जण निवडायचा, तर चित्राकडे त्याचं उत्तर नसतं. म्हणून मराठी नावांसाठी चित्र अर्थाचं नको, आवाजाचं हवं. पंकजला पंख फुटलेले, राजीव असता तर डोक्यावर राजाचा मुकुट. प्रदीपसाठी नुसता दिवा पुरत नाही, 'प्र' कुठेतरी ऐकू यायला हवा. ताईंनी दिव्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि ते चाललं. सुनीता आणि सुनंदा या जोडीत तर सुरुवात सारखीच, त्यामुळे शेपटीचं चित्र करायचं. एकीच्या हातात नीतीचा तराजू आणि दुसरी आनंदाने खिदळणारी. 'सु' कडे लक्षच द्यायचं नाही, तो आपोआप येतो.

इतकी डागडुजी करूनही मी ताईंना सांगितलं की चित्र हा मुख्य खांब नाही. समोरचा माणूस बोलतोय, आपण त्याच्या डोक्यावर पंख लावत बसलोय आणि तो काय म्हणाला ते गेलं, असं हमखास होतं. 2005 मध्ये मॉरिस, फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी हे नव्या विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या पार्टीत करून पाहिलं. काहींना नाव आणि चेहऱ्याचं चित्र जोडायला सांगितलं, काहींना ठरावीक वाढत्या अंतराने नाव मनात आठवायला सांगितलं. एक ते तीन दिवसांनी आठवणारे स्पष्टपणे पुढे होते. चित्रवाल्यांना फारसा फायदा झाला नाही. शांत खोलीत फोटो दाखवून केलेल्या प्रयोगांत चित्रांची युक्ती छान दिसते, गजबजाटात ती अडखळते. ताईंचा वर्ग गजबजाटातच मोडणारा होता.

मग आम्ही काम बदललं. दर वर्गात पाचच नवी नावं, जास्त नाहीत. नाव ऐकल्यावर लगेच ते वापरून एक वाक्य बोलायचं, म्हणजे निदान ते बरोबर ऐकलंय की नाही एवढं कळतं. मग अर्ध्या मिनिटाने, बोलणं चालू असतानाच, मनात विचारायचं, 'यांचं नाव काय?' पुन्हा दोनेक मिनिटांनी. पुन्हा दहाएक मिनिटांनी, तो माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना. वर्ग संपताना, रात्री झोपण्याआधी फोटो पाहून, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पुढच्या वर्गात तो माणूस दारातून आत येताना. अंतर वाढत जातं. पहिली विचारणा इतकी लवकर करायची की उत्तर नक्की येईल, आणि पुढची प्रत्येक जराशी ताणून. लँडॉअर आणि ब्योर्क यांनी 1978 मध्ये नावांवरच ही पद्धत तपासली होती, तेव्हा ती नवी नाही. नेमकी मिनिटं महत्त्वाची नाहीत. घड्याळ पाहू नका असं मी ताईंना बजावलं, कारण त्या पहिल्या दिवशी खरंच मोबाइलवर टायमर लावून बसल्या होत्या.

यात एक नियम कडक ठेवला. नाव आलं नाही तर दहा सेकंदांपेक्षा जास्त चाचपडायचं नाही आणि अंदाजाने हाकही मारायची नाही. सरळ विचारायचं. चुकीचं नाव एकदा तोंडून गेलं की पुढच्या वेळी तेच आधी येऊ शकतं. राजीवचं भूत ताईंच्या डोक्यातून जायला दोन वर्ग लागले. "माफ करा, तुमचं नाव पुन्हा सांगाल?" हे तिसऱ्या वर्गात म्हणायला कोणाला काही वाटत नाही, आठव्यात म्हणायला जीव जातो. म्हणून अकरा ते तेरा क्रमांकाच्या तिघांना त्यांनी चौथ्याच वर्गात गाठलं. तिघांपैकी दोघांनी हसून विचारलं, "आणि तुमचं?"

पाचव्या वर्गापर्यंत ताई पंधरा नावं धडाधड सांगू लागल्या, आणि सहाव्या वर्गात सगळं कोसळलं. त्या दिवशी खुर्च्यांची मांडणी बदलली होती. गोलाऐवजी चार-चारचे गट. ताईंना नऊच नावं आली. झालं होतं असं की, रात्री फोटो पाहताना त्या कायम डावीकडून उजवीकडे जात होत्या, आणि वर्गातही तोच क्रम मनात फिरवत होत्या. नाव चेहऱ्याला चिकटलं नव्हतं, खुर्चीला चिकटलं होतं. किंवा त्याआधीच्या नावाला. 'शिल्पा' नंतर 'माधव' येतो हे पाठ, पण माधव एकटा भेटला की शिल्पाला शोधावं लागे.

ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. क्रमाने सगळं येतं पण मधलाच एक विचारला की अडतं. उपाय म्हणून फोटोची प्रिंट काढून चेहरे कात्रीने वेगळे केले आणि गंजिफा पिसावी तसे पिसले. चेहरा वर, नाव मागे. मागे पाहण्याआधी मोठ्याने नाव म्हणायचं. बरोबर आलं तर तुकडा गठ्ठ्याच्या तळाशी, चुकलं तर वरून तिसऱ्या-चौथ्या जागी, म्हणजे तो लवकर परत येतो. रोज दोनदा, चार-पाच मिनिटं. शिवाय वर्गात माणसाला पाठमोरं किंवा बाजूने पाहून नाव आठवायचं. फोटोतला कोन आणि खरा माणूस यांत बरंच अंतर असतं, विशेषतः त्याने चष्मा काढला असेल तर.

नावांवर एवढा वेळ गेला, तुलनेने बारा वस्तूंची यादी दोन संध्याकाळींत बसली. कारण यादीसाठी चित्रांची युक्ती जशीच्या तशी चालते. समोर कोणी बोलत नसतं, घरी निवांत बसून चित्रं लावता येतात. ओळखीच्या जागेतून मनाने चालायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक वस्तू ठेवायची, ही फार जुनी रीत आहे. सिसेरोने इ.स.पू. 55 च्या सुमारास लिहिताना तिचं श्रेय ग्रीक कवी सिमोनिडीसला दिलं आहे. आपण शाळेत इंद्रधनुष्यासाठी 'तानापिहिनिपाजा' म्हणायचो, तीही युक्तीच. पण तिथे फक्त आद्याक्षर हाती लागतं. 'पा' म्हणजे पारवा हे आधीच माहीत असावं लागतं, आणि ताईंच्या यादीत 'चि' म्हटल्यावर चिमटा की चिकटपट्टी असा प्रश्न पडला असता.

ताईंनी स्वतःच्या घराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत बारा थांबे ठरवले, चालताना लागतात त्याच क्रमाने. आधी रिकामे थांबे दोनदा मनात चालून पाहिले, एकदा पुढे आणि एकदा मागे. मग वस्तू ठेवल्या. दाराच्या कडीला हातमोजा घातलेला, तो हात मिळवतोय. आरशात टॉर्चचा झोत, डोळे दिपतात. सोफ्याचा हात मोडलाय आणि त्रिकोणी पट्टीने गळ्यात अडकवलाय. टीव्हीच्या पडद्यावर चिकटपट्टीची फुली. खिडकीचा पडदा कात्री कराकरा कापतेय. टेबलाच्या लंगड्या पायाला रोल बँडेज. सिंकमधून चिमटा काहीतरी उपसून काढतोय. फ्रिज थंडीने कुडकुडतोय आणि त्याला चकचकीत ब्लँकेट गुंडाळलंय. वॉशिंग मशीनवर गॉजचे चौकोनी तुकडे. कपाटाच्या दाराला तोंडावरची शील्ड लावलीय आणि कपाट श्वास घेतंय. पलंगावर नोंदवही झोपलीय. बाल्कनीत डोळे धुण्याच्या निर्जंतुक पाण्याची बाटली पावसासारखी कोसळतेय.

दुसऱ्या दिवशी तपासलं तेव्हा अकरा आल्या. गॉज गेलं. पुन्हा एकदा मनातल्या मनात घरातून चालताना ताई म्हणाल्या, "मशीनपाशी काहीच दिसत नाही, मशीनच दिसतं." पांढऱ्या मशीनवर पांढरे तुकडे, आणि ते काहीच करत नव्हते. आपण ते ठेवले होते, पण डोळ्यांत भरतील असे ठेवले नव्हते. मग मशीनचं झाकण उघडलं, आणि आतून लाल डागांचं गॉज फेसासारखं जमिनीवर वाहायला लागलं. पुढे ते कधी चुकलं नाही. चित्र विचित्र असावं असं सगळे सांगतात. माझ्या अनुभवात विचित्रपणापेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या: वस्तू त्या जागेला काहीतरी करत असावी, आणि जागेपेक्षा वेगळी दिसावी.

परीक्षकाने 'आठवी वस्तू कोणती?' असं विचारलं तर दारापासून चालत यावं लागतं, ही या रीतीची उणीव. त्यासाठी पाचव्या आणि दहाव्या थांब्याला खूण केली. खिडकीवर पंजा उमटवला, कपाटावर दोन. आता आठवी हवी तर खिडकीपासून तीन पावलं.

"यामुळे माझी स्मरणशक्तीच वाढेल ना?" असं ताईंनी उत्साहाने विचारलं. एका विद्यार्थ्याची गोष्ट संशोधनात प्रसिद्ध आहे. त्याला ऐकलेले सातच आकडे लक्षात राहत. सुमारे वीस महिन्यांत 230 तास सराव करून तो 79 आकड्यांपर्यंत गेला. एरिकसन आणि चेस यांनी मग आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहाच्या आसपास. 2017 मध्ये ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी साध्या लोकांना जागांच्या या रीतीचा रोज अर्धा तास, चाळीस दिवस सराव दिला. 72 शब्दांच्या यादीतले आधी सरासरी 26 आठवत, नंतर 62. फरक मोठा आहे, पण तो रीत वापरली तर दिसतो. किल्ल्या कुठे ठेवल्या हे रीत न वापरता आठवेल, असं त्यात कुठेच नाही. ताई जरा हिरमुसल्या.

उरले आकडे. छातीवर दाब आणि तोंडाने श्वास यांचं प्रमाण 30 ला 2. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. मोठ्या माणसासाठी दाबाची खोली 5 ते 6 सेंटिमीटर. श्वास चालू आहे का हे पाहायला जास्तीत जास्त 10 सेकंद. भाजलेल्या भागावर वाहतं गार पाणी 20 मिनिटं. ताई हे पाचही आकडे सांगायच्या, फक्त एकमेकांत मिसळून. 10 मिनिटं पाणी, 20 सेकंद श्वास. सुटे आकडे पाठ केले की हेच होतं. प्रत्येक आकडा बरोबर असतो, घर चुकतं.

इथे मी ना चित्रं लावली ना थांबे. प्रत्येक आकड्यापुढे 'का?' लिहायला सांगितलं आणि उत्तर त्यांच्याच प्रशिक्षकांकडून मिळवायला लावलं. वेग 100 च्या खाली का नको, तर रक्त पुरेसं पुढे जात नाही. 120 च्या वर का नको, तर दोन दाबांमध्ये हृदय भरायला वेळ मिळत नाही. तीस दाबांनंतरच का थांबायचं, तर दर थांब्याला तयार झालेला रक्तदाब पडतो आणि पुन्हा उभा करावा लागतो. खोली वरून का बांधली, तर इजा. श्वास पाहायला दहाच सेकंद, कारण इथे उशीर म्हणजे दाब सुरू व्हायला उशीर. पाणी मात्र वीस मिनिटं, कारण उष्णता कातडीच्या आत उरलेली असते आणि वरून गार लागलं तरी आत काम चालूच असतं.

कारण कळल्यावर 10 आणि 20 ची अदलाबदल बंद झाली. '20 सेकंद श्वास पाहू' असं म्हणताना ताई स्वतःच थबकायच्या, इतका वेळ घालवून कसं चालेल म्हणून. आकडा विसरला तरी कारण त्याला ओढून आणतं, किंवा निदान चुकीच्या आकड्याला दारात अडवतं. 5 आणि 6 मध्ये मात्र कारण काही मदत करत नाही. ते चार दिवस कार्डावर विचारून विचारूनच बसवावं लागलं.

आठव्या वर्गात आणखी एक गोष्ट लक्षात आली. खुर्चीत बसून सगळे आकडे बरोबर सांगणाऱ्या ताई गुडघ्यावर बसून पुतळ्यावर दाब देत असताना कोणी प्रश्न विचारला की गप्प व्हायच्या. हात मोजत असतात, तोंडाला जागा उरत नाही. म्हणून उरलेली तालीम जमिनीवरच केली. उशीवर दाब देत मोठ्याने बोलायचं, आणि मुलीने मध्येच चेहऱ्याचा एक तुकडा समोर धरायचा. मुलीला यात भलतीच मजा आली. पाहुणे घरी असतानाही ती तुकडा धरायची, असं ताईंनी सांगितलं.

शेवटच्या दिवशी 22 जण आले होते. ताईंनी वीस मिनिटांत 14 जणांना हाक मारली, एक चुकली. माधवला त्यांनी महेश म्हटलं. दोन्ही नावं 'म' ची, दोघेही दाढीवाले, आणि आम्ही ही जोडी कधी शेजारी ठेवून तपासलीच नव्हती. ही चूक माझी. तुकडे पिसताना सारखी नावं आणि सारखे चेहरे मुद्दाम एकामागोमाग आणायला हवेत. बारा वस्तू क्रमाने आल्या. आकड्यांचे तीन प्रश्न झाले, तिन्ही बरोबर.

महिन्याने मी त्यांना फोटो पुन्हा दाखवला. मधल्या काळात कोणताच सराव नव्हता. तेवीसपैकी सोळा. गेलेल्या सातांपैकी पाच जण नवव्या वर्गात शिकलेले होते, म्हणजे ज्यांची विचारणा सर्वांत कमी दिवस झाली ते. आकडे पाचही होते, कारणांसकट.

यादीही पूर्ण आली. तिची अडचण वेगळीच निघाली. ताईंनी आता तेच बारा थांबे प्रवासाला न्यायच्या सामानासाठी वापरायला घेतलेत आणि फ्रिजवरचं ब्लँकेट काही केल्या निघत नाही. तिथे चार्जर ठेवला की फ्रिज तो ब्लँकेटखाली ओढून घेतो. मी दुसऱ्या घरातून नवा रस्ता काढायला सांगितलाय. त्या सध्या बहिणीच्या घरातले थांबे मोजताहेत, आणि बहिणीने मधेच कपाट हलवलंय.